कोबीचा वास: झाकणाचा दोष किती आणि घड्याळाचा किती

भिवंडीत पद्मानगरच्या बाजूने यंत्रमागांच्या गाळ्यांमधून दुपारी चालत गेलं की कानात मागांची खटखट भरते आणि नाकात भिश्यांचा वास. भिशी म्हणजे मागावर काम करणाऱ्या, बहुतेक गावी कुटुंब ठेवून आलेल्या माणसांची खाणावळ. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळचं जेवण ठरलेल्या जागी जेवायचं. वरण, भात, चपात्या आणि एक भाजी. स्वस्ताईच्या दिवसांत ती भाजी बऱ्याचदा कोबीची किंवा आलू-गोभीची असते. आणि मग दरवाजाच्या चार पावलं अलीकडेच कळतं, आज काय शिजलंय ते.

अशाच एका भिशीत मी चौकशीला बसलो होतो. चालवणाऱ्या मावशींनी माझं नाक आक्रसलेलं पाहिलं असावं. म्हणाल्या, "झाकण ठेवलं की वास कोंडतो, उघडं ठेवलं की घरभर होतो. काय करणार?" त्यांचा आचारी म्हणाला, "मावशी, गोभीच खराब येते आजकाल." दुसऱ्या एका बाईंचं मत, चिमूटभर सोडा घातला की भाजी लवकर शिजते, वासही बसतो. पाच मिनिटांत तीन उपपत्त्या मिळाल्या. घरोघरी याच ऐकायला येतात, आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांतही याच एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात: एक सांगतं झाकण ठेवू नका, दुसरं सांगतं झाकूनच वाफ काढा. या प्रश्नावर माणसांनी गेल्या शंभर वर्षांत बरंच काम केलेलं आहे. ते सगळं समोर ठेवून पाहिलं तर माझं मत असं झालं आहे की झाकणाला आपण फार दोष देतो आणि वेळेला फार कमी. वास तयार करते ती वेळ. झाकण फक्त तो कुठे जाईल ते ठरवतं.

आधी एक गोष्ट पक्की करायला हवी. कच्च्या कोबीला हा वास नसतो. कोशिंबिरीसाठी कोबी बारीक चिरला की जिभेला हलकी चुणचुण लागते आणि नाकात एक तिखट झुळूक येते, पण ती वेगळी. तिची मोठी बहीण आपल्या ओळखीची आहे: लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या आणणारी. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे सगळे एकाच कुळातले. या कुळातल्या वनस्पती आपल्या पेशींत एका कप्प्यात गंधकयुक्त पदार्थ आणि दुसऱ्या कप्प्यात त्यांना तोडणारं विकर ठेवतात. अळीने पान कुरतडलं किंवा आपण सुरी चालवली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि तिखट रसायन तयार होतं. वनस्पतीच्या दृष्टीने हे शस्त्र आहे. विकर उष्णतेने मरतं, म्हणून फोडणीच्या तापलेल्या तेलात तडतडलेली मोहरी फेसलेल्या मोहरीसारखी झोंबत नाही.

शिजवताना येणारा जड, उग्र, सडक्या अंड्याकडे झुकणारा वास हा या तिखटपणाचा पुढचा टप्पा आहेच असं नाही. त्याचा मोठा भाग दुसऱ्याच दोन साठ्यांतून येतो, आणि ते साठे उघडायला सुरीपेक्षा उष्णता जास्त कारणीभूत असते.

पहिला साठा अमिनो आम्लाच्या जातीचा एक गंधकयुक्त पदार्थ आहे. रसायनशास्त्राचं नोबेल 1952 साली मिळवलेले रिचर्ड सिंज यांनी जे. सी. वुड यांच्याबरोबर 1956 मध्ये तो कोबीत असल्याचं दाखवलं. कोबीच्या कोरड्या वजनाच्या साधारण शंभरात एक भाग तो असू शकतो, म्हणजे नगण्य नाही. ऊब मिळाली आणि वेळ मिळाला की तो मोडतो, त्याचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि दोन-दोन, तीन-तीन गंधक अणूंच्या साखळ्या बनतात. तीन गंधकांची जी साखळी, डायमिथाइल ट्रायसल्फाइड, ती शिजलेल्या कोबीवर्गीय भाज्यांच्या वासाची मुख्य घटक आहे असं एफ. टी. मारुयामा यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलं. नाकाला ती ओळखायला पाण्यात अब्जात एक भाग असण्याचीही गरज लागत नाही, त्याच्या कितीतरी खाली ती जाणवते. म्हणून थोडा कोबी जास्त शिजला तरी पूर्ण चाळ जागी होते.

दुसरा साठा तापवला की डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सोडतो. या साठ्याच्या पदार्थाला काही काळ 'यू जीवनसत्त्व' असंही म्हणत, कारण विसाव्या शतकाच्या मध्याला कोबीचा रस पोटाच्या व्रणांवर देऊन पाहिला गेला होता. इथे मात्र त्याचा वासाशी संबंध महत्त्वाचा आहे. हाच वायू अगदी थोडा असेल तर छान वाटतो. उकडलेल्या मक्याच्या कणसाला जो गोडसर वास येतो त्यात तो आहे, आणि समुद्रकाठच्या वाऱ्यातही. वास चांगला की वाईट हे इथे पदार्थावर कमी आणि प्रमाणावर जास्त ठरतं. कोबी सहा मिनिटांत उतरवला तर त्या वासाला आपण 'गोड' म्हणतो आणि वीस मिनिटांनी त्यालाच 'उग्र' म्हणतो.

वासाचा तिसरा घटक म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेला हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा. यावरचं जुनं काम अमेरिकेतल्या सिम्पसन आणि हॅलिडे यांचं, 1928 सालचं. भाज्या शिजवताना गंधकाचे पदार्थ कसे वागतात हे त्यांनी मोजलं. गृहविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलेलं हे काम मला फार आवडतं, कारण त्यांनी प्रयोगशाळेत स्वयंपाकघराचाच प्रश्न विचारला होता. पुढे शर्ली कॉरिहर यांनी 1997 मधल्या 'कुकवाइज' या पुस्तकात जी गोष्ट लोकांपर्यंत नेली ती याच जातीची: उकळत्या कोबीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड पाचव्या मिनिटापासून सातव्या मिनिटापर्यंत दुप्पट होतो. दोनच मिनिटं! आपण भाजी गॅसवर ठेवून फोन घ्यायला जातो तेवढी.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचा उग्र पदार्थ घालतात, आणि तो फार शिजलेल्या कोबीतल्या एका वायूचा जवळचा भाऊ आहे. कोबी शिजत असताना तसा वास आला तर कोबीवर ढकलून मोकळं होऊ नये. शेगडी बंद करून, खिडक्या उघडून आधी नळी आणि रेग्युलेटर पाहावा.

आता झाकणाकडे येऊ. झाकणाविरुद्धची बाजू खरी आहे. डायमिथाइल सल्फाइड 37 अंश सेल्सियसलाच उकळतो, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला. कढईत तयार झाला की तो पाण्यात थांबायला तयारच नसतो, वाफेबरोबर वर जातो. उघड्या कढईतून वाफ सतत निघत असते आणि ती या वायूंना घेऊन जाते. झाकण घातलं की हा प्रवाह मंदावतो. त्यातही आपल्याकडची जी जुनी युक्ती आहे, पातेल्यावर ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवायचं, तिच्यात हा प्रवाह जवळजवळ थांबतो. ताटातलं पाणी झाकण गार ठेवतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत भाजीवर पडते. भाजी करपत नाही, वरून पाणी घालावं लागत नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजते. युक्ती अतिशय शहाणी आहे. पण तिच्यात वास उडून जायला वाट नसते, हेही तितकंच खरं.

शिवाय वाफेबरोबर भाजीतली काही आम्लंही उडून जातात. झाकणाखाली ती अडकली की कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांतलं हरितद्रव्य शेवाळी पडतं. म्हणून हिरवा रंग हवा असेल तर पहिली दोन मिनिटं उघडी ठेवायची, हा सल्ला रंगासाठीही बरोबर आहे आणि वासासाठीही.

मग झाकणाच्या बाजूने काय? वेळ. झाकलेलं भांडं लवकर वाफ धरतं, वरच्या थरालाही शंभर अंशांजवळची ऊब मिळते आणि भाजी कमी मिनिटांत मऊ होते. उघड्या पातेल्यात मंद आचेवर खाली शिजलेलं आणि वर कच्चं असा कोबी पंधरा मिनिटं हलवत बसलात, तर वास बाहेर जाण्याची सोय झाली खरी, पण त्या पंधरा मिनिटांत तयार किती झाला? म्हणजे निवड 'झाकण की उघडं' अशी नाही. उघडं आणि पसरट भांडं, मोठी आच, थोडा वेळ हे एक. झाकून, पण घड्याळ लावून हे दुसरं. बिघाड होतो तो यांची उलटी सांगड घातल्यावर: झाकून आणि खूप वेळ.

हे नुसतं पुस्तकी राहू नये म्हणून घरी दीड किलोचा एक गड्डा घेऊन त्याचे तीन वाटे केले. पहिला लोखंडी कढईत मोहरी-हिंगाच्या फोडणीवर, मोठ्या आचेवर, उघडा, सात मिनिटं. दुसरा त्याच फोडणीवर, पण ताट झाकून, ताटात पाणी, बारीक आचेवर वीस मिनिटं, जसं आपण 'ठेवून देतो' तसं. तिसरा कुकरमध्ये एक शिट्टी, आणि दाब आपोआप उतरेपर्यंत झाकण बंद. निकाल ठरवायला बाहेरून आलेला माणूस बोलावला, कारण शिजवणाऱ्याचं नाक दहा मिनिटांत त्या वासाला सरावतं आणि त्याला काहीच कळत नाही. शेजारच्या काकूंनी पहिल्या वाटीला 'ताजा' म्हटलं. दुसऱ्या वाटीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हा कालचा आहे का?" तिसऱ्या वाटीपर्यंत जाण्याची गरजच पडली नाही, कुकरची शिट्टी त्यांना जिन्यातच कळली होती. पहिल्या दोन वाट्यांपैकी शिजत असताना स्वयंपाकघरात वास जास्त केव्हा पसरला? पहिल्या वेळी, उघड्या कढईच्या वेळी. पण तो हलका होता आणि पंधरा मिनिटांत गेला. दुसऱ्या वेळी झाकण उचलेपर्यंत काही नव्हतं, आणि उचलल्यावर जे आलं ते संध्याकाळपर्यंत पडद्यांत राहिलं.

कुकरने असं का केलं, याचं उत्तर एका अनपेक्षित धंद्याकडे आहे. बिअर करणाऱ्यांना हाच वायू छळतो. मोड आणलेल्या जवात तोच दुसरा साठा असतो आणि उकळताना डायमिथाइल सल्फाइड सुटतो, बिअरला उकडलेल्या भाजीचा वास लागतो. त्यामुळे त्यांनी या पदार्थाचा वेग काटेकोर मोजून ठेवला आहे. उकळत्या तापमानाला त्याच्या साठ्यातला निम्मा सुमारे 40 मिनिटांत मोडतो. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की हा काळ दुप्पट होतो, सहा अंशांनी चढलं की निम्मा. कोबी म्हणजे जवाचं पाणी नव्हे, त्याचं आम्लपण वेगळं, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पण अंदाज बांधायला ते भरवशाचे आहेत.

शंभर अंशांवर आठ मिनिटं शिजवलेल्या कोबीत या हिशेबाने साठ्याचा आठवा भाग मोडतो. कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. वीस अंश जास्त म्हणजे वेग जवळपास दहापट, निम्मा साठा चार मिनिटांत साफ. आणि 'एक शिट्टी' म्हणजे एक मिनिट नव्हे. शिट्टी होण्याआधी दाब चढताना काही मिनिटं जातात आणि गॅस बंद केल्यावर दाब उतरायला आणखी आठ-दहा. बाहेर जायला जागा नाही ती नाहीच. कुकरात कोबी घालायचा असेलच, तर वरणाच्या डब्यावर ठेवू नये. वेगळा लावून शिट्टीच्या आधीच गॅस बंद करावा आणि दाब लगेच सोडावा. माझं मत विचाराल तर कोबीला कुकर नकोच.

आता भिशीकडे परत. घरच्या कढईचे नियम मोठ्या टोपाला का लागत नाहीत, हा खरा प्रश्न तिथे आहे. समजा एका टोपात पंधरा किलो चिरलेला कोबी आहे. कोबीत शंभरातले नव्वदाहून जास्त भाग पाणीच असतं. मीठ पडलं की ते सुटतं आणि तळाशी साचतं. शेगडी कितीही मोठी असली तरी एवढा थंड ढीग उकळीला यायला वेळ लागतो, आणि त्या वाटेवर तो चाळीस ते साठ अंशांच्या पट्ट्यात रेंगाळतो. इथे विकरं मेलेली नसतात, उलट जोरात काम करत असतात. तळाचा थर शिजतो तेव्हा वरचा कच्चा असतो. वरचा शिजेपर्यंत तळाचा पंचवीस मिनिटांचा झालेला असतो. त्यात कोबी सकाळी लवकर चिरून ठेवलेला असेल तर सुरीने फुटलेल्या पेशींनी आधीच काम सुरू केलेलं असतं.

पण याहूनही मोठी गोष्ट शिजल्यानंतर घडते, आणि आचाऱ्याला ती दिसत नाही. भाजी अकराला उतरते. पाळीच्या वेळा आणि गर्दी यांमुळे माणसं बारा, साडेबारा, एकपर्यंत जेवत राहतात. टोप झाकलेला असतो, गरम राहावा म्हणूनच. पंधरा किलो भाजी हा उष्णतेचा मोठा गोळा आहे, त्याचा मधला भाग तासभरही नव्वद अंशांच्या जवळपास राहू शकतो. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर 88 अंशांना निम्मा साठा मोडायला 160 मिनिटं लागतात, म्हणजे एका तासात उरलेल्या साठ्यापैकी सुमारे पाव भाग. आठ मिनिटांच्या शिजण्यात आठवा भाग मोडला होता. गॅस बंद असताना, कुणी हात न लावता, त्याहून जास्त मोडला. शिवाय शिजताना निदान वाफेबरोबर काही गेलं होतं. आता वाफ थांबलेली आहे, झाकण बसलेलं आहे, जे तयार होतं ते भाजीतच राहतं. बिअरवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून उकळून झालेलं गरम पाणी ते तसंच पडू देत नाहीत, लवकर गार करतात.

म्हणजे मावशींचा प्रश्न झाकण कढईवर ठेवावं का एवढाच नव्हता. शिजून झाल्यावरच्या झाकणाचा होता. हे लक्षात आल्यावर मी पुन्हा गेलो आणि त्यांनी दोन गोष्टी करून पाहायला होकार दिला. एक, पंधरा किलोच्या एका टोपाऐवजी पाच-पाच किलोच्या तीन खेपा, पसरट कढईत. तेल आणि फोडणी आधी कडक तापवायची, मग कोबी, पहिली दोन-तीन मिनिटं उघडी, मग चार मिनिटं झाकण, मग परत उघडून मोठ्या आचेवर पाणी आटवायचं. दुसरी गोष्ट, उतरवलेली भाजी टोपात न ठेवता मोठ्या परातीत पसरायची, वर पातळ कापड. तिसरी खेप साडेबाराला जेवायला येणाऱ्यांसाठी तेव्हाच लावायची. आचाऱ्याची तक्रार रास्त होती: भांडी वाढली, गॅसही थोडा जास्त लागला. पण भाजीच्या ताटल्या परत येणं कमी झालं, असं त्याने स्वतःच सांगितलं.

चिरण्याचाही यात भाग आहे. गड्ड्याच्या मधला दांडा हा वाढीचा भाग, आणि बाहेरच्या पानांपेक्षा त्याच्यात वास देणारी रसायनं तयार करण्याची ताकद साधारण दुप्पट असते. तोच दांडा शिजायलाही सगळ्यात उशीर लावतो. पानं सहा मिनिटांत झाली आणि दांड्याचे जाड तुकडे कच्चे म्हणून पूर्ण भाजी आणखी आठ मिनिटं ठेवली, तर दोन्ही बाजूंनी नुकसान. दांडा काढून टाकावा असं मी म्हणणार नाही, तो चविष्ट असतो. त्याचे अगदी पातळ काप करावेत, किंवा दोन मिनिटं आधी टाकावेत.

फ्लॉवरची गोष्ट जवळपास तीच, पण भिवंडीत ती बटाट्याशी बांधलेली आहे. फ्लॉवर हिंदुस्थानात इंग्रजांच्या काळी आला. 1822 मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत डॉ. जेम्सन यांनी त्याचं बी आणलं असं भाजीपाल्याची पुस्तकं नोंदवतात. आज उत्तरेतून आलेल्या कामगाराला आलू-गोभी ही घरची भाजी वाटते, मग ती भिशीत होणारच. पण बटाट्याच्या फोडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि फ्लॉवरच्या तुऱ्याला सात-आठ. दोन्ही एकदम टाकून 'बटाटा शिजला की उतरव' हा नियम ठेवला की फ्लॉवर दुप्पट शिजतो, दाबला की लगदा होतो आणि वास सोडतो. बटाटा आधी, झाकून. तो निम्म्याहून जास्त शिजला की फ्लॉवर वर. किंवा फ्लॉवर वेगळा, तेलावर, उघड्या कढईत खरपूस परतून शेवटी मिसळायचा. परतताना तेल शंभर अंशांच्या वर असतं, तुऱ्यांच्या पृष्ठभागावरचं पाणी झपाट्याने उडतं आणि गंधकाचे वायू त्याच्याबरोबर जातात, शिवाय तांबूस डाग पडून भाजलेला वास तयार होतो. आलू-गोभीच्या चवीत मला जे आवडतं ते बहुतेक याच तांबूस डागांचं असतं.

फ्लॉवरमधल्या अळ्या निघाव्यात म्हणून तुरे हळद-मिठाच्या कोमट पाण्यात ठेवायची आपली रीत यात आड येत नाही, तुरे अख्खे असतात तोवर पेशी फुटलेल्या नसतात. मात्र त्याच पाण्यात ते नंतर शिजवायला ठेवू नयेत, गार पाण्यापासून उकळीपर्यंतचा रेंगाळणारा प्रवास त्यांना नको. उकडायचेच असतील, पावभाजीसाठी वगैरे, तर पाणी आधी खळखळून उकळू द्यावं, भरपूर असावं, आणि तुरे त्यात पाच-सहा मिनिटंच. भरपूर पाण्यात वासाचे साठे विरघळून निघूनही जातात. त्यांच्याबरोबर क जीवनसत्त्वही जातं, हा सौदा समजूनच करावा.

सोड्याबद्दल मी स्पष्ट सांगतो: घालू नये. सोड्याने भाजी मऊ होते हे खरं, आणि कोबीचा हिरवा रंग भडक होतो हेही खरं. पण क्षारात दुसरा साठा जास्त वेगाने मोडतो, म्हणजे वास वाढतो. फ्लॉवरचा पांढरा रंग पिवळा पडतो, भाजीचा चोथा होतो. बोअरचं जड पाणी असलं तरी फ्लॉवर पिवळसर दिसतो, कारण तेच. उलट थोडं आम्ल, म्हणजे लिंबू, आमसूल, टोमॅटो, वास आवरतं. त्यालाही एक अट आहे. आम्लात भाजी उशिरा मऊ होते, आणि सुरुवातीलाच टोमॅटो घातला की शिजायचा वेळ वाढून फायदा पुसला जातो. म्हणून तुरा जवळजवळ शिजल्यावर टोमॅटो, उतरवताना लिंबू.

हिंगाचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हिंगाचा वासही गंधकाच्याच पदार्थांचा असतो. त्यामुळे तो कोबीचा वास घालवत नाही, त्याला आपल्या ओळखीच्या वासात मिसळून टाकतो. हे काही कमी नाही. पण वीस मिनिटं झाकलेल्या कोबीवर हिंग पुरा पडत नाही, हे त्या दुसऱ्या वाटीवर दिसलं.

भाजी वेळेवर उतरवायची खूण घड्याळापेक्षा डोळ्यांनी लवकर कळते. कोबी कच्चा असताना धुरकट, पांढुरका दिसतो. पेशींमधली हवा निघून गेली की तो एकदम पारदर्शक आणि चमकदार होतो, हिरवी पानं क्षणभर जास्त हिरवी दिसतात. त्याच वेळी उतरवायला घ्यायचं, चावताना थोडा करकर लागतो तेव्हाच. रंग शेवाळी झाला की वेळ गेलेली आहे. फ्लॉवरच्या देठात सुरीचं टोक जरा अडून शिरावं, लोण्यात शिरल्यासारखं नव्हे. उतरवल्यावरही भाजी दोन मिनिटं शिजतच राहते, तेवढं धरून चालावं.

राहिला डबा. यंत्रमागावर सगळेच भिशीत जेवत नाहीत, घर असलेल्यांचे डबे येतात, आणि भिवंडीहून बाहेर कामाला जाणाऱ्यांचेही असतात. सकाळी सातला कढईतून वाफाळती फ्लॉवरची भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण कसलं, की तो एक छोटा कुकरच तयार होतो. आत वायू साचत राहतो आणि एकला झाकण उघडताच सगळी जागा मान वळवते. यावर उपाय फक्त दहा मिनिटांचा आहे. ताटात पसरून भाजी कोमट होऊ द्यायची, एकदा हलवायची आणि मगच भरायची. चपात्यांचा डबा आधी भरावा, भाजीचा शेवटी.